कमी ब्राइटनेसला फोन बघून डोकं दुखतंय? फोन बदलायच्या आधी घरीच फ्लिकर तपासा

नवा फोन घेतला, स्क्रीन जुन्यापेक्षा कितीतरी भारी दिसतीय, पण रात्री लाईट बंद करून अंथरुणात अर्धा तास वाचलं की भुवयांच्या वर ठणकायला लागतं, कधी मळमळतं, डोळ्यांच्या मागं कुणीतरी दाबतंय असं वाटतं. जुन्या फोनवर तेवढाच वेळ घालवून असलं काही होत नव्हतं. घरातल्यांना सांगितलं तर उत्तर ठरलेलं, "फोन बघायचा कमी कर की." डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलं तर नंबर तोच निघतो आणि ड्रॉप्स घेऊन परत यायचं. असं होणाऱ्या सगळ्यांचंच कारण स्क्रीनचं फ्लिकर, म्हणजे नजरेला न दिसणारी भरभर लुकलुक, असतं असं नाही, पण ज्यांचं असतं त्यांना ते बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. तपासायला मशीन वगैरे लागत नाही. एक पेन, दुसरा एक फोन, चोकवाली जुनी ट्यूबलाईट आणि घरातलं एक माणूस एवढ्यावर काम होतंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी स्क्रीन मंद होते म्हणजे नक्की काय होतं ते बघू

गॅसची शेगडी बारीक केली की ज्योत बारीक होते पण जळत राहते. इंडक्शन बारीक केली तर बऱ्याच शेगड्या काय करतात, काही सेकंद जोरात चालतात, मग बंद, मग परत जोरात, आणि सरासरी काढली तर आच कमी. फोनची स्क्रीन मंद करायच्या पण ह्याच दोन पद्धती. करंट कमी करून प्रकाश खरोखर कमी करायचा त्याला डीसी डिमिंग म्हणतात, आणि प्रकाश होता तसा ठेवून तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करायचा त्याला पीडब्ल्यूएम, म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशन.

ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो, मागं वेगळा दिवा नसतो. करंट फार कमी केला की सगळे पिक्सेल सारखे वागत नाहीत, कुठं डाग दिसतात, कुठं करडा रंग हिरवट किंवा गुलाबी पडतो. ते टाळायला कंपन्या करंट बऱ्यापैकी ठेवतात आणि वेळ कापतात. म्हणून ही भानगड ओएलईडीत जास्त आणि ती पण कमी ब्राइटनेसलाच जास्त. जुन्या एलसीडी फोनमध्ये मागं एलईडीची बॅकलाईट असते, ती बऱ्याच फोनमध्ये करंटनं मंद होते किंवा काही हजार हर्ट्झच्या वेगानं बंद-चालू होते. एलसीडी म्हटलं की फ्लिकर नाहीच असं मात्र धरून चालू नका, एलसीडी पण तपासूनच घ्यायचा.

आता आकडा घेऊन बघू म्हणजे अंदाज येईल. २४० हर्ट्झचं पीडब्ल्यूएम म्हणजे सेकंदाला २४० वेळा बंद-चालू, एक फेरी साधारण ४.२ मिलीसेकंदाची. ब्राइटनेस खाली आणला आणि स्क्रीन फेरीच्या चौथ्या हिश्शापुरतीच चालू राहिली तर एक मिलीसेकंद उजेड आणि तीन मिलीसेकंद पूर्ण अंधार. म्हणजे तुम्ही जे मंद पान वाचताय ते प्रत्यक्षात तीन चतुर्थांश वेळ काळं असतं आणि उरलेल्या वेळात चांगलं उजेडाचं असतं. स्लायडर अजून खाली नेला की अंधाराचा वाटा अजून वाढतो.

दिसत नाही तर दुखतं कसं

ही शंका सगळ्यांना येते आणि ती रास्त आहे. स्थिर नजरेला साधारण ६० ते ९० हर्ट्झच्या वरची लुकलुक दिसत नाही, उजेड सलग वाटतो. पण "लुकलुक दिसत नाही" म्हणजे "डोळ्यापर्यंत पोचतच नाही" असं नव्हे. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते, सेकंदाला तीन-चार उड्या, आणि एक उडी २० ते ४० मिलीसेकंदांत संपते. त्या तीसेक मिलीसेकंदांत २४० हर्ट्झची स्क्रीन सातेक वेळा पेटते आणि विझते, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर त्याच अक्षराचे सातेक वेगवेगळ्या जागी ठसे उमटतात. उजेड सलग असता तर त्या जागी एक साधा पुसटपणा आला असता. ह्या ठशांच्या रांगेला फँटम ॲरे म्हणतात, आणि प्रयोगात काही लोकांना ती जवळपास २००० हर्ट्झपर्यंत पण जाणवलेली आहे. अंधाऱ्या खोलीत उजळ ठिपका असला तर ती सगळ्यात ठळक. रात्री गाडी चालवताना पुढच्या गाडीच्या एलईडी टेललाईटवरून नजर झटकन फिरवली की लाल ठिपक्यांची माळ दिसते बघा, तोच प्रकार.

डोकेदुखीचा संबंध ट्यूबलाईटच्या काळापासून माहीत आहे. ब्रिटिश संशोधक आर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एका ऑफिसात केलेला प्रयोग छापला होता, काही काळ साध्या चोकच्या ट्यूब, ज्या विजेच्या ५० हर्ट्झमुळं १०० हर्ट्झनं लुकलुकतात, आणि काही काळ इलेक्ट्रॉनिक चोकच्या, ज्यांचा वेग काही हजारांच्या पुढं असतो. कामगारांना काय लावलंय ते माहीत नव्हतं. वेगवान ट्यूबखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. तो त्रास सगळ्यांना सारखा नव्हता, काहींनाच जास्त होता, आणि फोनचं पण तसंच आहे. मायग्रेनवाल्यांना लुकलुक जास्त बाधते. एकाच घरात एकाच फोनवर नवरा तासन्‌तास क्रिकेट बघतो आणि बायकोला वीस मिनिटांत डोकं धरून बसावं लागतं, आणि दोघं पण खरं बोलत असतात.

किती हर्ट्झ म्हणजे ठीक, ह्याला आयईईई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेचं एलईडी दिव्यांसाठीचं १७८९ नंबरचं २०१५ चं मार्गदर्शन हाताशी ठेवायला बरं आहे. ते फोनसाठी लिहिलेलं नाही पण हिशोब कामाचा आहे. ९० हर्ट्झच्या वर, वेगाला ०.०८ नं गुणलं की किती टक्के खोलीची लुकलुक कमी धोक्याची ते येतं. खोली म्हणजे उजेड किती खालपर्यंत पडतो ते, पूर्ण काळं होत असेल तर १०० टक्के. २४० हर्ट्झला उत्तर येतं १९ टक्के, आणि ओएलईडी तर कमी ब्राइटनेसला १०० च्या जवळ असते. पूर्ण बंद-चालू होणाऱ्या उजेडाला कमी धोका म्हणायला १२५० हर्ट्झ लागतात, आणि परिणामच नको असेल तर ३०००.

पायरी एक: त्रास कधी होतो ते लिहून काढा

चार-पाच रात्री एवढंच टिपा: खोलीत लाईट होती का, स्लायडर कुठं होता, किती वेळानं सुरू झालं, दुसऱ्या स्क्रीनवर, टीव्ही किंवा लॅपटॉपवर, तसंच झालं का. फ्लिकरचा त्रास असेल तर साधारण असं निघतं की दिवसा उन्हात फोन चालतो, कारण तेव्हा ब्राइटनेस वर असतो, आणि रात्री स्लायडर खाली गेला की सुरू. उलट, सगळ्याच स्क्रीनवर, पुस्तक वाचताना सुद्धा, संध्याकाळी चष्मा काढल्यावर दुखत असेल तर आधी नंबर तपासून घ्या. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं वाटतं, ते बहुतेक पापण्या कमी लवल्यामुळं कोरडे पडलेले असतात. आणि अचानक उठलेली, आजवर झाली नाही एवढी जोराची डोकेदुखी, बोलणं अडखळणं, एका बाजूला बधीरपणा असलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा.

पायरी दोन: पेन हलवून बघा

ऑटो ब्राइटनेस बंद करा. पांढरं कोरं पान स्क्रीनभर उघडा, स्लायडर तळाला न्या, खोलीतला प्रत्येक दिवा घालवा, राउटरच्या लाईटवर सुद्धा फडकं टाका. आता स्क्रीनसमोर पेन उभं धरून डावीकडून उजवीकडं जोरात हलवा आणि नजर स्क्रीनवर स्थिर ठेवा, पेनाच्या मागं फिरवू नका. उजेड सलग असेल तर पेनाच्या जागी एक धुरकट पंखा दिसतो. लुकलुक असेल तर सुटी सुटी पेनं दिसतात, एकाशेजारी एक.

इथं एक मर्यादा आहे. हात सेकंदाला दोन मीटर वेगानं हलला तर २४० हर्ट्झला दोन पेनांतलं अंतर आठ मिलिमीटर येतं, म्हणजे पेनाच्या जाडीएवढं, जेमतेम सुटं दिसतं, बारीक रिफिल घेतली तर चांगलं दिसतं. १९२० हर्ट्झला तेच अंतर एक मिलिमीटर होतं आणि सगळं एकात एक मिसळतं. म्हणून पेनं सुटी दिसली तर फ्लिकर नक्की आहे आणि वेग कमी आहे, पण नाही दिसली म्हणजे फ्लिकर नाही असं होत नाही.

पायरी तीन: दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यानं मोजा

हीच खरी पायरी, इथं घाई करू नका. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लागतो, त्यात शटर स्पीड हातानं ठेवता येतो. तो १/४००० सेकंदाला ठेवा, फोटो काळा आला तर आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून टिपतो ते, वाढवा, दाणे दाणे आले तरी चालतंय. शटर हळू ठेवला, म्हणजे १/६० वगैरे, तर बंद आणि चालू दोन्ही एकाच फोटोत मिसळून जातात आणि फोटो एकदम स्वच्छ येतो, आणि इथंच बरेच जण "माझ्या फोनला काही नाही" म्हणून सोडून देतात.

फोनचा कॅमेरा अख्खा फोटो एका क्षणात घेत नाही, ओळी ओळींनी वाचत जातो. तो वाचत असताना स्क्रीन बंद-चालू होते, म्हणून फोटोत काळे-पांढरे पट्टे उमटतात. दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक फेरी. पण कॅमेरा किती वेगानं वाचतो ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून माप लावायला ज्याचा वेग नक्की माहीत आहे असा दिवा हवा, आणि तो घरातच असतो. जुन्या चोकची ट्यूब १०० हर्ट्झनं लुकलुकते. कोल्हापुरात जुन्या घरांच्या सोप्यात नाहीतर न्हाणीघरात अजून एखादी सापडतेच. नसेल तर स्वस्तातला एलईडी बल्ब बघा, त्यातले बरेच १०० हर्ट्झनं लुकलुकतात. लाईट गेलेली असताना इन्व्हर्टरवर माप घेऊ नका, इन्व्हर्टरचा वेग लाईनसारखा पक्का ५० असेलच असं नाही. आणि ट्यूबचा मधला भाग घ्या, टोकाला ५० ची लुकलुक मिसळते.

फोन कसा धरायचा ह्यावर सगळं अवलंबून आहे. कॅमेऱ्याचा फोन उभा धरा, आडव्या ट्यूबच्या इतकं जवळ जा की ट्यूब फोटोच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जाईल, फोटो काढा. बहुतेक फोनमध्ये पट्टे उभे येतात, जरा पुसट असतात. मग ज्याची तपासणी करायची तो फोन पण उभाच ठेवून पांढऱ्या पानाचा फोटो तसाच, त्याच मोडमध्ये, झूम न करता काढा. ह्या वेळी पट्टे तिरके येतील. घाबरू नका, ओएलईडीचा अंधाराचा पट्टा स्क्रीनवर वरून खाली पळत असतो आणि कॅमेरा आडवा वाचतो, दोन्ही मिळून तिरका होतो. अंतर मात्र पट्ट्याला काटकोनात न मोजता सरळ आडवं मोजायचं. दोन्ही फोन एकमेकांना आडवे धरले तर कॅमेरा आणि स्क्रीन एकाच दिशेनं पळतात आणि आकडा साफ चुकतो, ह्यासाठीच उभ्याला उभा.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माझ्या मावसबहिणीचं उदाहरण घेऊ, कारण तिचे आकडे मी स्वतः घेतलेत. ती क्लासचे पेपर रात्री फोनवर तपासते, बाळ झोपलेलं असतं म्हणून लाईट बंद, आधीचा फोन एलसीडी होता तेव्हा काही नव्हतं, नवा ओएलईडी आला आणि आठवड्यात डोकेदुखी सुरू. मायग्रेन तिला कॉलेजपासून आहे. सोप्यातल्या ट्यूबचा फोटो उघडून, फोन उभा धरून फोटो रुंदीभर दिसेल असा ठेवला आणि काचेवर साधी पट्टी लावली, एका पट्ट्यापासून पुढचा पट्टा २४ मिलिमीटर. तिच्या फोनच्या फोटोत, स्लायडर तळाला असताना, आडवं अंतर १० मिलिमीटर. १०० गुणिले २४ भागिले १०, म्हणजे २४० हर्ट्झ. त्या दहा मिलिमीटरांतला उजळ भाग जेमतेम अडीच, बाकी काळाकुट्ट. तीन चतुर्थांश अंधार म्हणजे काय ते तिथं डोळ्यांना दिसलं. जुना एलसीडी तळाला ठेवून फोटो काढला तर त्यात पट्टाच नाही.

पायरी चार: स्लायडर वर नेत कुठं फरक पडतो ते शोधा

तळापासून सुरू करून थोडं थोडं वर न्या आणि प्रत्येक ठिकाणी तोच फोटो काढा. बऱ्याच फोनमध्ये एका जागेच्या वर फोन पद्धतच बदलतो. तिच्या फोनवर साधारण साठ टक्क्यांच्या वर गेलं की काळे पट्टे गायब, त्याजागी बारीक करड्या रेघा, आणि त्यांच्यातलं अंतर २० मिलिमीटर. हिशोब केला तर १२० हर्ट्झ, म्हणजे स्क्रीनचा रिफ्रेश रेट. आकडा बघून हे आधीपेक्षा वाईट वाटेल, २४० चे १२० झाले, पण रेघ बारीक आणि करडी आहे, उजेड क्षणभर थोडासाच पडतो, पूर्ण विझत नाही. बहुतेकांना हे सोसतं. नुसत्या हर्ट्झवर जाऊ नका म्हणतात ते ह्याच्यासाठी, पट्टा किती रुंद आणि किती काळा हे पण तेवढंच महत्त्वाचं.

पायरी पाच: फ्लिकरच कारण आहे का, हे न सांगता तपासा

फ्लिकर आहे हे दिसलं म्हणजे डोकं त्याच्यामुळंच दुखतंय हे सिद्ध होत नाही. एकदा ते काळे पट्टे बघितले की माणसाला नुसतं आठवूनच दुखायला लागतं, आणि ते दुखणं पण खोटं नसतं. म्हणून घरातल्या माणसाची मदत घ्या.

दोन सेटिंग लागतात, बघायला सारखीच मंद. पहिली, स्लायडर तळाला. दुसरी, स्लायडर त्या बदलाच्या जागेच्या वर आणि त्यावर उजेड कमी करणारा फिल्टर. ॲण्ड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर ॲक्सेसिबिलिटीत Extra dim असतं, आयफोनवर Settings मध्ये Accessibility, मग Display & Text Size, त्यात Reduce White Point. हे पिक्सेलला पाठवायचा रंगच गडद करतात, स्लायडर वरच राहतो. काही नव्या ॲण्ड्रॉइडमध्ये Extra dim स्लायडरच्या तळातच मिसळलंय, तिथं स्क्रीन डिमर प्रकारचं ॲप घ्यावं लागतं, जे वरून काळा पारदर्शक पडदा टाकतं. ते ॲप चालू असताना काही बँकेची आणि पेमेंटची ॲप बटणं दाबू देत नाहीत, तेवढ्यापुरतं बंद करायचं. काहीही लावलं तरी एकदा १/४००० चा फोटो काढून काळे पट्टे खरंच गेले का बघा, मगच पुढं.

दोन्ही सेटिंगचा उजेड सारखा करायला परत कॅमेराच वापरा, पण ह्या वेळी शटर १/१० आणि आयएसओ एकच ठेवून, म्हणजे लुकलुक मिसळून सरासरी उजेड येतो. दोन फोटो सारखे उजळ दिसले की झालं.

मग रोज रात्री घरातल्या माणसानं नाणं उडवायचं, छापा आला तर पहिली, काटा आला तर दुसरी, आणि वहीत लिहून वही आत ठेवायची. फोन वापरणाऱ्यानं ब्राइटनेसचा पडदा खाली ओढायचा नाही, रोज साधारण तेवढाच वेळ आणि तसंच पांढऱ्या पानावरचं वाचायचं, कारण गडद फोटोत फिल्टर लगेच ओळखू येतो. सकाळी उठून दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा. निदान दहा-बारा रात्री करा, एक-दोन रात्रीत काही कळत नाही, मायग्रेन झोपेवर, जेवणावर, पाळीवर पण अवलंबून असतो. बहिणीच्या घरी दाजींनी नाणं उडवलं. वह्या जुळवल्या तेव्हा फिल्टरच्या रात्रींना शून्य ते दोन, स्लायडर तळाच्या रात्रींना बहुतेक पाच-सहा, आणि एका फिल्टरच्या रात्री सात, पण त्या दिवशी ती दुपारी उपाशी राहिलेली होती. आकडे दोन्हीकडं सारखेच आले असते तर मी तिला फोन सोडून चष्म्याच्या नंबराकडं बघ म्हटलं असतं.

मग करायचं काय

सगळ्यात स्वस्त उपाय, अंधारात वाचू नका, पाठीमागं एक छोटा दिवा लावा. खोलीत उजेड असला की स्लायडर वर ठेवता येतो आणि फँटम ॲरे पण फिकी पडते. पण तो दिवा कॅमेऱ्यानं तपासून लावा, नाहीतर २४० सोडून १०० हर्ट्झच्या उजेडात जाऊन बसाल. ऑटो ब्राइटनेस बंद ठेवा, तो रात्री गुपचूप स्लायडर तळाला नेतो.

फोनच्या सेटिंगमध्ये शोधून बघा. काही शाओमीत DC dimming, मोटोरोलाच्या काही फोनवर Flicker prevention, आणि आयफोन १७ मालिकेत Display & Text Size मध्येच Display Pulse Smoothing नावाचं बटण आहे. चालू केल्यावर कमी ब्राइटनेसला करडा रंग थोडा डागाळ दिसू शकतो, कारण तीच ती कमी करंटची अडचण. डोकं दुखण्यापेक्षा ते परवडलं. बटण दाबल्यावर परत फोटो काढा, काही फोनवर ते ठरावीक ब्राइटनेसच्या आतच काम करतं.

ज्यानं काही होत नाही ते पण सांगतो, कारण पैसे तिथंच जातात. ब्लू कट चष्मा, निळा उजेड अडवणारा स्क्रीनगार्ड, नाईट मोडचा पिवळा रंग, ह्यातलं काहीही बंद-चालू थांबवत नाही. डार्क मोडनं उजळ भाग कमी होतो म्हणून काहींना हलकं वाटतं, पण अक्षरं त्याच वेगानं लुकलुकत असतात. रिफ्रेश रेट ६० चा १२० केला म्हणजे पीडब्ल्यूएम दुप्पट झालं असं पण नाही.

नवा फोन घ्यायचाच असेल तर

सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेतल्या बऱ्याच फोनचं पीडब्ल्यूएम २४० च्या आसपास, अलीकडच्या बऱ्याच आयफोनचं ४८० च्या आसपास, आणि ऑनर, रिअलमी, वनप्लस, शाओमीच्या जाहिरातीत १९२०, २१६०, ३८४० असले आकडे असतात. वरच्या हिशोबानं १९२० कमी धोक्यात बसतं, ३८४० त्याच्या पुढं. पण जाहिरातीतला आकडा काही फोनमध्ये ठरावीक ब्राइटनेसच्या खालीच लागू असतो, मधल्या ब्राइटनेसला फोन वेगळं काहीतरी करत असतो, म्हणून बॉक्सवर विसंबू नका.

राजारामपुरीत दुकानात गेलात की डेमो फोन हातात घ्या, ऑटो ब्राइटनेस बंद करायला सांगा, पांढरं पान उघडा, आणि आपल्या फोनचा शटर ह्या वेळी १/८००० ला ठेवा, वेगवान फोनच्या फेऱ्या फार छोट्या असतात आणि १/४००० ला त्या थोड्या मिसळतात. दोन्ही फोन उभे धरून तीन फोटो काढा, स्लायडर तळाला, मध्यावर आणि वर. दुकानात एवढा उजेड असतो की पेन हलवून काही दिसणार नाही, तिथं कॅमेराच. रुंद, काळेकुट्ट, मोजता येतील एवढे लांब लांब पट्टे दिसले तर तो फोन तुमच्यासाठी नाही. १९२० चा फोन असेल तर माझ्या त्या २४ मिलिमीटरच्या मापानं पट्टे सव्वा मिलिमीटरवर यायला हवेत, अगदी दाट, झूम करूनच दिसतात. फोटो जागेवरच झूम करून बघा, दुकानदार थांबतो, गिऱ्हाईक पंचवीस-तीस हजार घालणार असतंय. शक्य असेल तर डेमो फोनवर दहा-पंधरा मिनिटं मंद उजेडात बारीक अक्षरांचं काहीतरी वाचून पण बघा, आणि फोन परत करायची काय सोय आहे ते पैसे देण्याआधी विचारा, डबा फोडल्यावर नव्हे.